सांडपाण्याची उलटी वाट

ही हकीकत आमच्या ओळखीच्या एका शिक्षकांच्या घरची आहे. दिवाळीच्या सुमारास त्यांनी कपडे धुण्याचे मशीन घेतले आणि ते स्वयंपाकघरात, ओट्याच्या कडेला बसवले. मशीनची पाणी सोडायची नळी गावातल्या मिस्त्रीने सिंकखालच्या पाइपला जोडून दिली. महिना-दीड महिना सगळे ठीक चालले. मग एके दिवशी वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, हे मशीन कपडे धुतंय की रंगवतंय, काही कळत नाही. ह्यांच्या पांढऱ्या शर्टावर तांबूस ठिपके येतात. आणि सकाळी झाकण उघडलं की आत तळाला पाणी साचलेलं असतं. मशीन तर रात्रभर बंदच होतं!"

गुरुजी विज्ञान शिकवणारे. त्यांनी एका ठिपक्यावर लिंबाचा थेंब पिळला. ठिपका क्षणात पिवळा झाला. हळद साबणाने तांबडी होते आणि आंबटाने पुन्हा पिवळी होते, हे आपण सगळे जाणतो. तेव्हा डाग हळदीचा होता, यात शंका उरली नाही. मशीनच्या खालच्या बाजूला कचरा अडवण्याची एक गाळणी असते. ती उघडली, तर आत मोहरीचे चार दाणे आणि कोथिंबिरीची काडी निघाली. मशीनमध्ये फोडणी कोणी घालत नाही. म्हणजे भांड्यांचे खरकटे पाणी सिंकमधून निघून, ज्या नळीतून मशीनचे पाणी बाहेर यायचे, त्याच नळीतून उलटे आत गेले होते.

हे कसे घडले आणि ते कसे थांबवायचे, एवढेच आज पाहू. त्यासाठी आधी सिंकखाली काय काय असते, ते वरून खाली ओळीने बघू या.

सिंकच्या भोकात वरून बसते ती वेस्ट कपलिंग. तिला वर रुंद कड असते आणि आत जाळी असते. कड आणि सिंकचा पत्रा यांच्यामध्ये एक रबरी वॉशर बसतो. पत्र्याच्या खालच्या बाजूने दुसरा रबरी वॉशर येतो, त्याखाली प्लॅस्टिकचा किंवा फायबरचा पातळ वॉशर, आणि शेवटी ते सगळे आवळून धरणारा चेकनट. ह्या क्रमाला अर्थ आहे. नट फिरवताना तो थेट रबरावर घासला तर रबर पिळवटते, एका बाजूला सरकते आणि तिथून थेंब थेंब गळू लागते. मधला पातळ वॉशर गुळगुळीत असतो. नट त्याच्यावर फिरतो आणि रबर जागचे हलत नाही. पुष्कळ घरांत नवे सिंक आठवड्याभरात गळते, ते ह्या एका वॉशरची जागा चुकल्यामुळे. बसवणारा मग नट आणखी आवळतो, आणि गळती आणखी वाढते.

कपलिंगच्या खाली छोटा उभा पाइप येतो आणि त्याखाली ट्रॅप. ट्रॅप म्हणजे पाणी अडवून ठेवणारे वळण. कुठे ते वाकड्या पाइपचे असते, तर कुठे बाटलीच्या आकाराचे, ज्याला बॉटल ट्रॅप म्हणतात. सिंक रिकामे झाले तरी ह्या वळणात चार-सहा बोटे पाणी उरतेच. ते मुद्दाम ठेवलेले असते. पलीकडच्या गटाराची दुर्गंधी आणि झुरळे त्या पाण्यामुळे अलीकडे येऊ शकत नाहीत. ही युक्ती जुनी आहे. अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने 1775 साली इंग्लंडमध्ये संडासाच्या भांड्यासाठी असे पाणी धरणारे वळण पेटंट करून घेतले. आपल्या सिंकखालचा ट्रॅप त्याच तत्त्वावर चालतो.

आपल्याकडे कित्येक घरांत ट्रॅप नसतोच. कपलिंगला घड्या घड्यांचा एक लवचिक पाइप लावतात आणि त्याचे दुसरे टोक भिंतीतल्या पाइपात खुपसतात. बाहेर चेंबरशी पाणी धरणारा ट्रॅप असेल, तर तेवढ्यावर वास अडतो. पण घड्यांमध्ये तूप, तेल आणि पिठाचा गाळ बसत जातो, आणि त्या घड्या आतून साफ करता येत नाहीत. बॉटल ट्रॅपची खालची वाटी मात्र हाताने फिरवून काढता येते. खाली बादली ठेवावी, वाटी काढावी, गाळ काढून धुवावी आणि पुन्हा बसवावी. स्वयंपाकघरात हे काम महिन्या-दोन महिन्यांनी करावेच लागते.

ट्रॅपच्या सांध्यांमध्ये जो निमुळता वॉशर असतो, त्याचे निमुळते तोंड सांध्याच्या आत जाते आणि जाड बाजू नटाकडे राहते. उलटा बसवला तर तो सांधा धरत नाही. नट हाताने आवळावा, आणि मग पान्ह्याने जेमतेम पाव वळसा. प्लॅस्टिकच्या आट्यांवर जोर केला तर त्या फाटतात आणि सगळा भाग नवा आणावा लागतो.

आता मशीनची नळी ह्या रचनेत कुठे शिरते ते पाहा. काही ट्रॅप असे मिळतात की त्यांना वरच्या बाजूला एक तिरपी चोच फुटलेली असते. दुकानदार तिला नोझल म्हणतात. मशीनची नळी ह्या नोझलवर चढवून क्लिपने आवळायची असते. इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट, नोझल ट्रॅपमधल्या साचलेल्या पाण्याच्या वर आणि सिंकच्या बाजूला असले पाहिजे. म्हणजे मशीनचे पाणी आधी ट्रॅपमध्ये जाईल आणि मग गटाराकडे. काही जण ट्रॅपच्या पुढच्या पाइपाला भोक पाडून नळी तिथे घुसवतात. मग गटार आणि मशीन यांच्यामध्ये पाण्याचा पडदा राहत नाही. गटाराची घाण हवा नळीतून सरळ मशीनच्या पिंपात येते, आणि धुतलेल्या कपड्यांना कुबट वास येऊ लागतो.

दुसरी गोष्ट, नवीन नोझलचे भोक बहुतेक वेळा आतून बंद असते. मशीन नसलेल्या घरात तिथून पाणी सांडू नये म्हणून कारखान्यात ते तसेच पातळ पडद्याने बंद ठेवलेले असते. नळी लावण्याआधी तो पडदा धारदार चाकूने पूर्ण कापून काढावा, आणि कापलेला तुकडा ट्रॅपमध्ये पडू देऊ नये. हे विसरले तर पहिल्याच धुण्याला मशीन पाण्याने भरलेले राहते आणि पाणी सोडता येत नाही म्हणून अडून बसते. अर्धवट टोचून भोक पाडले तरी तेच, फक्त दोन-चार धुण्यांनंतर. कपड्यांचे धागे त्या दातेऱ्या भोकात अडकतात.

गुरुजींच्या घरी ह्या दोन्ही गोष्टी मिस्त्रीने बरोबर केल्या होत्या. नोझल योग्य जागी होते, पडदा कापलेला होता, क्लिप घट्ट होती. तरी खरकटे पाणी आत गेलेच. चूक होती ती नळीच्या वाटेत.

आम्ही टेप घेऊन जमिनीपासून उंची मोजली. ओट्याचा आणि सिंकच्या काठाचा माथा 85 सेंटिमीटरवर होता. सिंक 20 सेंटिमीटर खोल, म्हणजे त्याचा तळ 65 वर. नोझल 50 वर. मशीनची नळी मागून निघून जमिनीवर आडवी लोळत आली होती आणि तिथून उठून नोझलला लागली होती. तिच्या वाटेतली सर्वांत उंच जागा म्हणजे ते नोझलच, 50 सेंटिमीटर.

आता रात्रीची वेळ डोळ्यांसमोर आणा. वहिनींनी सिंकच्या भोकाला बूच लावले, पाणी जवळजवळ 80 सेंटिमीटरच्या पातळीपर्यंत भरले आणि भांडी विसळली. मग बूच काढले. ट्रॅपची वाटी तुपाच्या आणि पिठाच्या गाळाने अर्धी भरलेली होती. पाणी पुढे सावकाश जाऊ लागले आणि मागे तुंबले. तुंबलेल्या पाण्याला नोझल हे दुसरे दार मिळाले. सिंकमधले पाणी नोझलपेक्षा 30 सेंटिमीटर उंच उभे होते. पाणी आपली पातळी शोधते, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. ते नोझलमधून नळीत उतरले, जमिनीपर्यंत खाली गेले आणि पलीकडे मशीनच्या पिंपात चढले. मशीनचा पंप बंद असला म्हणजे तो दार लावल्यासारखा वाट अडवतो, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. बंद पंपातून पाणी दोन्ही बाजूंनी सहज जाते.

गुरुजींनी विचारले, "मग मिस्त्रींनी नोझल आणखी उंच लावायला हवं होतं का?"

तसे करता येत नाही, कारण नोझल सिंकच्या तळाखालीच असणार. पण नळी उंच नेता येते. नियम एवढाच आहे: नोझलला लागण्यापूर्वी नळी सिंकच्या काठापेक्षा वर चढून मग खाली उतरली पाहिजे. नळीची अशी कमान केली की काय होते ते बघा. सिंक काठोकाठ भरले तरी पाणी 85 च्या वर चढू शकत नाही, कारण तिथून ते काठावरून बाहेर सांडू लागते. कमानीचा माथा 95 वर असेल, तर पाणी नळीत 85 पर्यंत चढेल आणि तिथेच थांबेल. माथा ओलांडल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही. फरशी ओली होईल, पण मशीनमध्ये थेंबही जाणार नाही. मशीनच्या स्वतःच्या पाण्याला मात्र अडचण नाही. त्याला ढकलायला पंप आहे, आणि तो पाणी माथ्यावरून पलीकडे टाकतो.

कमानीलाही मर्यादा आहे. पंप पाणी किती उंच ढकलू शकतो ते मशीनबरोबरच्या पुस्तिकेत दिलेले असते. पुढून झाकण असलेल्या पुष्कळ मशीनना नळीचा माथा जमिनीपासून 60 ते 100 सेंटिमीटरच्या दरम्यान हवा असतो. आपल्या मशीनचा आकडा पुस्तिकेत पाहूनच खुंटी ठोकावी. मशीन ओट्याखाली सरकवलेले असेल आणि वर जायला जागा नसेल, तर नळी निदान ओट्याच्या फरशीला खालून चिकटेल इतकी उंच बांधावी. पण तेव्हा हे जाणून असावे की फरशीच्या जाडीमुळे माथा काठाच्या तीन-चार बोटे खाली राहतो. सिंक तेवढे अपुरे भरले तरच मशीन सुरक्षित. तुंबून काठोकाठ भरले तर नाही.

पुष्कळ मशीनच्या पाठीवर नळी उंच धरून ठेवणारी एक चाप असते. ती चाप म्हणजे कारखान्याने दिलेली कमानच. नळी पुरत नाही म्हणून मिस्त्री ती चापेतून सोडवतो आणि खाली टाकतो. गुरुजींच्या घरी नेमके हेच झाले होते. नळी अपुरी पडत असेल तर पुस्तिकेत सांगितलेल्या मर्यादेत जोडनळी घ्यावी, पण चाप सोडू नये.

आता दुरुस्ती कशी केली ते सांगतो. सर्वांत आधी मशीनची पिन भिंतीतल्या सॉकेटमधून काढली. नुसते बटण बंद करून भागत नाही. ओली फरशी, ओले हात आणि वीज यांची गाठ पडू देऊ नये. मग ट्रॅपखाली बादली ठेवून वाटी काढली, गाळ काढला आणि वाटी धुवून लावली. मशीन ओट्याच्या शेजारी उघड्या जागेत होते, म्हणून त्याच्या मागच्या भिंतीवर 95 सेंटिमीटरवर एक पसरट खुंटी ठोकली. बारीक खिळा ठोकला असता तर नळी त्यावर दुमडली असती, आणि दुमडलेल्या नळीतून पाणी जात नाही. मशीनच्या पाठीवरून नळी सरळ वर नेली, खुंटीवरून गोलाईने वळवली, आणि ओट्याच्या बाजूच्या भिंतीतल्या भोकातून नोझलपर्यंत उतरवली. मध्ये कुठेही झोळ ठेवला नाही. झोळ पडला की त्यात साबणाचे पाणी आणि धागे साचून राहतात.

पण खुंटी ठोकली म्हणजे काम झाले, असे मानायचे नाही. परीक्षा घ्यायची. ही परीक्षा कोणालाही घरी करता येईल. मशीनची नळी तात्पुरती बाजूला ठेवा. बागेत पाणी घालायच्या नळीचा तेवढ्याच जाडीचा एक तुकडा घ्या. त्याचे एक टोक नोझलला लावा, मधला भाग त्याच खुंटीवरून न्या आणि दुसरे टोक जमिनीवर ठेवलेल्या कोरड्या बादलीत सोडा. घराबाहेर जिथे सिंकच्या पाइपचे तोंड उघडे दिसते, तिथे चिंधीचा बोळा घट्ट बसवा. आता सिंकमध्ये चिमूटभर नीळ टाकून बूच न लावता काठोकाठ पाणी भरा आणि दहा मिनिटे थांबा. बादली कोरडी राहिली तर कमान पुरेशी उंच आहे. बादलीत निळे पाणी आले, तर तेवढेच पाणी तुमच्या मशीनमध्ये गेले असते. परीक्षा झाली की बाहेरचा बोळा आठवणीने काढा. त्याच वेळी सिंकखालच्या सांध्यांखाली कोरडे वर्तमानपत्र पसरून ठेवले, तर कुठला सांधा गळतो तेही निळ्या ठिपक्यांवरून कळते.

आम्ही गुरुजींच्या घरी ही परीक्षा दोनदा केली. प्रथम नळी जुन्या पद्धतीने जमिनीवर लोळती ठेवली. बादलीत निळी धार लागली. मग खुंटीवरून नेली. बादली कोरडी राहिली. वहिनी म्हणाल्या, "एवढ्यासाठी माझे शर्ट गेले होय!"

आता दुसरी अडचण. ती उलट्या बाजूची आहे. काही घरांत मशीन न्हाणीघरात असते आणि पंपाच्या मशीनची नळी तिथल्या जाळीखालच्या पाइपात खोल खुपसून फटी चिंध्यांनी बुजवतात. हेतू चांगला असतो, पाणी उडू नये म्हणून. पण मग नळीचे टोक पिंपातल्या पाण्यापेक्षा खाली आणि हवाबंद. पंपाने एकदा नळी भरली की तो थांबल्यावरही पाणी आपोआप ओढले जाते. पिंपातून नळी टाकून रॉकेल काढत, तसेच हे. मशीन पाणी घेत राहते आणि ते तितक्याच वेगाने खाली निघून जाते. तासभर झाला तरी धुणे सुरूच होत नाही, आणि टाकी रिकामी होते. उन्हाळ्यात टँकरचे पाणी विकत घेणाऱ्या घराला हे फार महागात पडते.

इथे नुसती कमान पुरी पडत नाही, कारण भरलेली नळी कमानीवरूनही पाणी ओढते. ती ओढ तोडायला हवा लागते. म्हणून अशा जागी एक उभा पाइप लावावा. तो 40 मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे मशीनच्या नळीपेक्षा चांगला रुंद असावा. त्याचे वरचे तोंड पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर उघडे ठेवावे, आणि खाली ट्रॅप असावा. मशीनची नळी वरून 10 ते 15 सेंटिमीटरच आत सोडावी आणि पट्टीने बांधावी, म्हणजे पाण्याच्या झटक्याने ती बाहेर उडणार नाही. भोवतालची फट मुद्दाम मोकळी ठेवावी. त्या फटीतून हवा आत येते आणि पाण्याची ओढ तुटते. शिवाय खालून पाणी तुंबून आले तर ते पाइपच्या तोंडावरून बाहेर सांडेल, म्हणजे बिघाड आपल्याला लगेच दिसेल. सिंकखाली जागा असेल तर तिथेही नोझलपेक्षा हा उभा पाइप मी जास्त पसंत करतो.

आतापर्यंत जे सांगितले ते पंप असलेल्या मशीनसाठी. आपल्या खेड्यापाड्यांत दोन टपांची अर्धस्वयंचलित मशीन पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना पंप नसतो. वरून झाकण असलेल्या काही पूर्ण स्वयंचलित मशीनलाही नसतो. त्यांचे पाणी फक्त उताराने जाते. अशा मशीनची नळी सिंकखालच्या नोझलला कधीही जोडू नये आणि तिला कमानही करू नये. पाणी वर चढणारच नाही, टपातच राहील. आपले मशीन कोणत्या जातीचे, हे पुस्तिकेत असते. पुस्तिका हरवली असेल तर पाणी सोडायच्या वेळी नळीचे टोक कमरेच्या उंचीपर्यंत, म्हणजे मशीनच्या माथ्याइतके वर धरा. पाणी येतच राहिले तर पंप आहे. थांबले तर नाही.

बिनपंपाच्या मशीनची नळी जमिनीलगत न्यावी आणि न्हाणीच्या जाळीवर सोडावी, पण जाळीच्या आत खुपसू नये. टोक जाळीच्या चार बोटे वर राहील असे बांधावे. जाळीखाली पाणी तुंबले तरी ते आधी फरशीवर पसरते आणि आपल्या नजरेस पडते. नळीचे टोक त्यात बुडेपर्यंत हात द्यायला वेळ मिळतो. मधली ही मोकळी हवा म्हणजेच इथला पहारेकरी. हवेच्या फटीवरून घाण पाणी उडी मारू शकत नाही.

बाजारात एकाच दिशेने उघडणारी झडप मिळते. ती नळीत बसवली की उलटे पाणी अडते, असे विक्रेते सांगतात. नवी असताना ती अडवतेही. पण कपड्यांचे धागे आणि साबणाचा लगदा तिच्या पडद्याखाली अडकला की ती अर्धवट उघडी राहते, आणि बाहेरून ते कळत नाही. कमान उंच नेणे शक्यच नसेल तेव्हा ती लावावी आणि दर महिन्याला उघडून साफ करावी. कमान आणि हवेची फट यांत हलणारा भागच नाही, त्यामुळे बिघडण्यासारखेही काही नाही.

एक प्रश्न उरतो. मशीनचे पाणी सिंकमध्येच वर आले तर? पंप बादलीभर पाणी मिनिटाभरात बाहेर फेकतो. पुढचा पाइप अरुंद असेल किंवा तुपाच्या थराने आवळला असेल, तर ते पाणी नोझलमधून सिंकमध्ये उसळते आणि विसळून ठेवलेल्या भांड्यांना साबण लागतो. हा दोष नळीचा नसतो. पाइप साफ करावा, आणि त्याला मीटरमागे अडीच सेंटिमीटर उतार आहे की नाही ते पाहावे. पावसाळ्यात शोषखड्डा भरून आला तर सांडपाणी घरातल्या सर्वांत खालच्या तोंडातून, म्हणजे बहुधा न्हाणीतून वर येते. ते अडवणे कमानीच्या हातात नाही. कमान मशीनला वाचवते, घराला नाही. त्यासाठी शोषखड्ड्यातला गाळ पावसाआधी काढायला हवा.

शिक्षकबंधूंनी हा पाठ वर्गात जरूर करून दाखवावा. एक नरसाळे, दोन हात पारदर्शक नळी आणि रंगीत पाणी एवढे पुरते. नरसाळे म्हणजे सिंक. नळी खाली लोळत ठेवली की पाणी दुसऱ्या टोकाने वाहू लागते. तिचा मधला भाग नरसाळ्याच्या काठापेक्षा वर उचलून मग नरसाळे भरले की पाणी माथ्याच्या अलीकडेच उभे राहते. क्रम मात्र पाळा, आधी कमान आणि मग पाणी. एकदा नळी पाण्याने भरली की उंच कमानीवरूनही पाणी ओढले जाते, हेही त्याच नळीवर दाखवता येईल.

गुरुजींनी हा प्रयोग सातवीच्या वर्गात केला. दुसऱ्या दिवशी एका मुलीने घरून मापे आणली होती. सिंकचा काठ 82 सेंटिमीटर, नळीचा माथा 46. तिने फळ्यावर दोन रेघा ओढल्या आणि म्हणाली, "गुरुजी, आमच्याही मशीनमध्ये पाणी जात असणार." त्या संध्याकाळी तिच्या वडिलांनी भिंतीला खुंटी ठोकली.